विमानातला रुग्ण आणि हाकेला धावणारा डॉक्टर

नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीहून मुंबईला निघालेल्या विमानात एका प्रवाशाला एकाएकी भोवळ आली. अंगाला दरदरून घाम फुटला आणि रक्तदाब उतरला. कर्मचाऱ्यांनी विमानात कोणी डॉक्टर आहे का, अशी विचारणा केली, तेव्हा उठून पुढे आलेले गृहस्थ होते त्या वेळचे केंद्रीय अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड. आपल्या शेजारच्या औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, हे माजी महापौर मूळचे बालशल्यचिकित्सक. त्यांनी रुग्णाची तपासणी केली, त्याचे पाय वर उचलून धरले, ग्लुकोज दिले, आणि काही वेळाने रुग्णाला हुशारी वाटू लागली. पंतप्रधानांनीही या कृतीचे जाहीर कौतुक केले. मंत्रिपदावरची व्यक्ती रुग्णाशेजारी गुडघे टेकून बसली, म्हणून ही बातमी गाजली. आपल्याला मात्र तिच्यातील वैद्यकीय भाग अधिक महत्त्वाचा आहे. त्या रुग्णाला जे झाले, तेच विमानात सर्वांत जास्त वेळा घडते आणि त्यावर जे केले गेले, ते जवळजवळ नेहमी तसेच केले जाते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला विमानतळ नाही. तरीही मुलगा बंगळूरूला, लेक परदेशात, अशी घरे आता चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर या प्रत्येक गावात आहेत. सत्तरी ओलांडलेले आईवडील संभाजीनगर, नागपूर किंवा मुंबई गाठून विमानात बसतात आणि त्यांच्या मनात एक प्रश्न असतोच: ‘वर आकाशात काही झाले, तर कोण पाहणार?’ त्या प्रश्नाचे उत्तर या वेळच्या लेखात क्रमाने पाहू.

शरीराला विमानात काय होते

विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले, तरी आतली हवा दाबाखाली ठेवलेली असते. हा दाब जमिनीवरच्याइतका मात्र नसतो. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असतो, तेवढाच तो राखला जातो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंच आहे. याचा अर्थ असा की, विमानात बसलेला माणूस खुर्चीत बसल्या जागी कळसूबाईच्याही वर पोहोचलेला असतो. तिथे हवा विरळ, म्हणून रक्तातील प्राणवायूही थोडा उतरतो. घरी बोटाला लावलेल्या यंत्रावर ९७ किंवा ९८ दिसणारा आकडा निरोगी माणसातही विमानात ९२-९३ पर्यंत खाली येऊ शकतो. निरोगी शरीराला हे सहज झेपते. ज्यांचे फुप्फुस किंवा हृदय आधीच दुबळे आहे आणि ज्यांचा आकडा घरीच ९२ च्या खाली असतो, त्यांच्याकडे मात्र झेपवण्यासाठी शिल्लक थोडी असते. म्हणून अशांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. विमानातील हवा अत्यंत कोरडी असते. त्यातच वृद्ध मंडळी ‘वारंवार उठावे लागेल’ म्हणून सकाळपासून पाणी टाळतात. बुलढाण्याहून संभाजीनगर गाठायला तीन-साडेतीन तास लागतात, त्यानंतर विमानतळावरचे ताटकळणे, आणि पोटात जेमतेम चहा. रक्तदाबाची सकाळची गोळी मात्र नेमाने घेतलेली असते. पुरुषांमध्ये प्रोस्टेटची एखादी गोळीही असते आणि तीही रक्तदाब थोडा उतरवते. तासभर पाय खाली सोडून बसल्यावर रक्त पायांत साचते. अशा वेळी माणूस स्वच्छतागृहाकडे जाण्यासाठी चटकन उभा राहिला, की मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते. डोळ्यांपुढे अंधारी येते, कपाळावर थंड घाम येतो, चेहरा पांढराफटक पडतो आणि माणूस कोसळतो.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ मध्ये पाच विमान कंपन्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे सहाशे उड्डाणांमागे एक वैद्यकीय प्रसंग आढळला. त्यांपैकी जवळजवळ ३७ टक्के प्रसंग भोवळ किंवा भोवळीच्या बेताचे होते. श्वासाचे त्रास आणि उलटी-मळमळ त्यांच्या खालोखाल होती. वाट बदलून विमान उतरवावे लागले, असे प्रसंग शंभरात सातच होते. हे आकडे लक्षात ठेवले, म्हणजे घाबरगुंडी कमी होते.

कर्मचारी काय करतात

समजा, नागपूरहून बंगळूरूला निघालेल्या विमानात मेहकरचे बहात्तर वर्षांचे गृहस्थ मार्गिकेत कोसळले. त्यांच्या पत्नीने डोक्यावरचे बटण दाबले किंवा नुसती हाक मारली, तरी काही सेकंदांत एक कर्मचारी पोहोचतो. विमानातील कर्मचारी केवळ चहापाणी देण्यासाठी नसतात. प्रथमोपचार, छातीवर दाब देणे, प्राणवायू लावणे यांचे प्रशिक्षण त्यांना मिळालेले असते आणि ते ठरावीक काळाने पुन्हा घ्यावे लागते.

पुढचे काम ते आपसांत वाटून घेतात. एक जण रुग्णापासून हलत नाही. दुसरा प्राणवायूची बाटली आणि औषधपेटी आणतो. तिसरा विमानातील दूरध्वनीवरून कॅप्टनला कळवतो आणि घोषणा करतो. रुग्णाजवळचा कर्मचारी प्रथम खांदे हलवून हाक मारतो आणि छाती वरखाली होते का ते पाहतो. उत्तर येत असेल आणि श्वास चालू असेल, तर रुग्णाला आडवे करून त्याचे पाय वीतभर वर उचलतात. विमानातील मार्गिका दीड फुटाच्या आसपास रुंद असते. म्हणून जमले तर रांगेतील तीन खुर्च्यांचे हात वर करून तिथे झोपवतात, नाहीतर स्वयंपाकाच्या कोपऱ्याजवळ थोडी मोकळी जागा असते, तिथे नेतात. पाय वर केले की पायांतील रक्त हृदयाकडे परतते. साध्या भोवळीत माणूस बहुधा मिनिटभरात डोळे उघडतो आणि पाच-दहा मिनिटांत नीट बोलू लागतो.

प्राणवायूच्या बाटलीवर बहुधा दोनच वेग असतात, मिनिटाला दोन लिटर किंवा चार लिटर. बाटल्या मोजक्या असतात, म्हणून कोणती बाटली किती वाजता सुरू केली, याची नोंद ठेवली जाते. रुग्णालयातल्यासारखा हवा तितका प्राणवायू तिथे मिळणार नाही, हे नातेवाइकांनी समजून घ्यावे.

दोन पेट्या

विमानात औषधांच्या पेट्या दोन प्रकारच्या असतात. पहिली प्रथमोपचाराची. तिच्यात पट्ट्या, जंतुनाशक आणि साध्या गोळ्या असतात. ती कर्मचारी स्वतः उघडू शकतात आणि प्रवाशांच्या संख्येप्रमाणे विमानात अशा एक किंवा अधिक पेट्या असतात. दुसरी पेटी सीलबंद असते. तिला डॉक्टर किट म्हणतात. ती डॉक्टरांच्या हाती देण्यासाठीच असते. तिच्यात स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, सुई व सिरिंज, शिरेतून औषध देण्याची नळी, श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची नळी ही साधने असतात. औषधांत प्रामुख्याने अॅड्रेनलिन, शिरेतून द्यायचे ग्लुकोज, छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी, अॅस्पिरिन, दम्याचा फवारा आणि अॅलर्जी, उलटी व आकडीवरची इंजेक्शने असतात. नेमकी यादी कंपनीनुसार थोडीफार बदलते. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्रही अनेक विमानांत असते.

पेटी उघडताना कर्मचारी डॉक्टरांचे ओळखपत्र किंवा नोंदणीचा पुरावा पाहू शकतात. याचा राग मानू नये. शिरेतून द्यायची औषधे अपात्र माणसाच्या हाती पडू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू असतो.

मधुमेही वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र या पेटीत असेलच असे नाही. पुष्कळदा ते एखाद्या सहप्रवाशाकडून मागून घ्यावे लागते. आपले यंत्र आपल्या हातातील पिशवीत असले, तर आपल्या निदानात लाखमोलाची दहा मिनिटे वाचतात.

डॉक्टर उठतो तेव्हा

घोषणा ऐकून उठलेला डॉक्टर कोणत्या शाखेचा असेल, हे कोणालाच ठाऊक नसते. तो डोळ्यांचा असेल, त्वचेचा असेल, डॉ. कराडांसारखा लहान मुलांचा सर्जन असेल. म्हणून तो प्रथम आपले नाव आणि शाखा सांगतो. रुग्ण शुद्धीवर असेल, तर तपासण्याची परवानगी विचारतो. त्याने मद्य घेतले असेल किंवा तो स्वतः आजारी असेल, तर त्याने पुढे न येणेच योग्य. एकाहून अधिक डॉक्टर उठले, तर त्या प्रसंगाशी ज्याचा रोजचा संबंध अधिक, त्याने सूत्रे हाती घ्यावीत आणि बाकीच्यांनी हातभार लावावा. परिचारिका विमानात असल्या, तर त्यांचा उपयोग डॉक्टरांइतकाच होतो. शीर शोधून नळी घालण्यात त्यांचा हात पुष्कळदा अधिक सरावलेला असतो.

डॉक्टरांची पहिली अडचण आवाजाची. इंजिनांच्या घरघरीत स्टेथोस्कोपने छातीतले आवाज ऐकू येत नाहीत. रक्तदाब मोजतानाही ठोके ऐकण्याऐवजी मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून वरचा आकडा तेवढा काढावा लागतो. म्हणून विमानातला डॉक्टर कानांपेक्षा डोळ्यांवर, बोटांवर आणि प्रश्नांवर अधिक विसंबतो. हे पूर्वी कधी झाले होते का? छातीत दुखते का? औषधे कोणती? आज कोणती घेतली? शेवटचे काय आणि कधी खाल्ले? अॅलर्जी आहे का?

आपल्या मेहकरच्या गृहस्थांकडे पुन्हा वळू. आडवे करून पाय वर उचलल्यावर त्यांनी दोन मिनिटांत डोळे उघडले. नाडी मंद होती, ती हळूहळू भरली. वरचा रक्तदाब ८० होता, दहा मिनिटांनी तो १०५ झाला. छातीत दुखत नाही, बोलणे स्पष्ट आहे, दोन्ही हात सारखेच उचलले जातात. डॉक्टर म्हणतील, ही साधी भोवळ. मग थोडे थोडे पाणी किंवा ओआरएस, घोटाघोटाने. लगेच उठवून बसवायचे नाही. आधी अर्धवट बसते करायचे, पाच मिनिटे थांबायचे, मगच खुर्चीत न्यायचे. उरलेल्या प्रवासात दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहायची. विमान आपल्या वाटेने बंगळूरूला जाईल.

मात्र काही खुणा दिसल्या, की हीच भोवळ साधी राहत नाही. आडवे करूनही पंधरा मिनिटांत रंग परतला नाही, छातीत दाब किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ आहे, नाडी फार वेगाने किंवा वेडीवाकडी चालली आहे, तर हृदयविकाराचा संशय घ्यावा लागतो. तोंड एका बाजूला ओढले गेले, एक हात लुळा पडला, शब्द अडखळू लागले, तर तो पक्षाघात. तिथे अॅस्पिरिन देऊन चालत नाही, कारण मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही. मधुमेही माणूस घामाने चिंब होऊन असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरली आहे असे धरूनच चालावे. तो गिळू शकत असेल, तर साखरपाणी तोंडाने. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाईल. अशा वेळी शिरेतूनच ग्लुकोज द्यायचे असते आणि त्यासाठीच ती सीलबंद पेटी.

श्वास आणि प्रतिसाद दोन्ही नसतील, तर एक क्षणही न दवडता छातीवर दाब सुरू होतो. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने छाती सुमारे दोन इंच दाबायची, तीस दाबांनंतर दोन श्वास. हे खुर्चीत होत नाही, कारण मऊ गादीवर दाब वाया जातो. म्हणून रुग्णाला ओढून दाराजवळच्या किंवा स्वयंपाकाच्या कोपऱ्यातील कठीण जमिनीवर आणतात. दाब देणारा माणूस दोन मिनिटांनी बदलायचा, कारण थकलेला हात उथळ दाबतो. त्या वेळी नातेवाइकांना थोडे मागे बसवले जाते. ते कठोरपणा म्हणून नाही, अपुऱ्या जागेत तिघांना काम करता यावे म्हणून.

विमान खाली उतरवायचे का?

हा निर्णय डॉक्टरांचा नसतो, कॅप्टनचा असतो. डॉक्टर फक्त सांगतो की या रुग्णाला रुग्णालय किती लवकर हवे. अनेक कंपन्यांचे कॅप्टन त्याच वेळी जमिनीवरील वैद्यकीय सल्ला केंद्राशी रेडिओ किंवा उपग्रह दूरध्वनीवरून बोलतात. विमानातील प्रसंगांचा रोज अनुभव घेणारे डॉक्टर तिथे बसलेले असतात आणि विमानातील डॉक्टरांनाही त्यांचा मोठा आधार मिळतो. मग कॅप्टन हवामान, धावपट्टीची लांबी, विमानाचे वजन आणि त्या गावात योग्य रुग्णालय आहे की नाही, हे सारे तोलतो. रुग्णाला पाहिजे ती सोयच नसलेल्या जवळच्या गावी उतरण्यापेक्षा वीस मिनिटे पुढचे मोठे शहर कधी कधी श्रेयस्कर ठरते.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पस्तीस हजार फुटांवरून उतरून, धावपट्टीवर थांबून, दार उघडून रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचायला निदान अर्धा तास लागतोच. निर्णय कितीही तत्काळ झाला, तरी पहिला अर्धा तास विमानातल्या माणसांनीच निभावायचा असतो.

या बाबतीत आपल्या विदर्भातील नागपूर विमानतळाचे स्थान वेगळे आहे. देशाच्या मध्यभागी असल्याने दक्षिणोत्तर आणि पूर्वपश्चिम जाणाऱ्या अनेक विमानांना संकटात नागपूर जवळचे पडते. २७ ऑगस्ट २०२३ रोजी बंगळूरूहून दिल्लीला निघालेल्या विस्ताराच्या विमानात, हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका तान्ह्या मुलीचा श्वास थांबला आणि अंग निळे पडले. सुदैवाने विमानात दिल्लीच्या एम्सशी संबंधित पाच डॉक्टर होते. त्यांनी छातीवर दाब सुरू केला, शिरेत नळी घातली, श्वासमार्ग मोकळा केला आणि हृदय पुन्हा सुरू झाले. ते पुन्हा बंद पडले, तेव्हा विजेचा झटका देणारे यंत्र वापरले गेले. सुमारे पाऊण तास ही झुंज चालली आणि विमान नागपूरला वळवून मुलीला हृदय चालू अवस्थेत तेथील डॉक्टरांच्या स्वाधीन करण्यात आले. पुढे काही दिवसांनी नागपूरच्या रुग्णालयात तिची प्राणज्योत मालवली.

या घटनेचा शेवट सांगावासा वाटत नाही, पण तो सांगितला पाहिजे. पाच निष्णात डॉक्टर, यंत्र, औषधे आणि जवळचे विमानतळ, सारे जुळून आले, तरी विमान हे रुग्णालय होऊ शकत नाही. तिथे होते ते रुग्णाला जिवंत अवस्थेत रुग्णालयाच्या दारापर्यंत नेण्याचे काम. त्या डॉक्टरांनी ते पूर्णपणे केले. यापलीकडची अपेक्षा ठेवली, तर मदत करणाऱ्यावर अन्याय होतो.

पुढे यायला डॉक्टर कचरतात का?

काही डॉक्टरांच्या मनात भीती असते की, अपुऱ्या साधनांत काही बिघडले, तर दोष आपल्या माथी येईल. अमेरिकेने १९९८ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. सद्भावनेने मदत करणाऱ्या पात्र व्यक्तीला, घोर निष्काळजीपणा नसेल तर, तो संरक्षण देतो. आपल्याकडे परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले की, जीव वाचवण्यासाठी आपली सेवा देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. व्यवहारात डॉक्टरांनी तीन पथ्ये पाळली, म्हणजे पुरे. आपल्याला जे येते तेवढेच करावे, जमिनीवरच्या केंद्राचा सल्ला घ्यावा आणि काय आढळले, काय दिले, किती वाजता दिले, हे कर्मचाऱ्यांच्या कागदावर लिहून द्यावे. तोच कागद खाली उतरल्यावर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांच्या हाती जातो.

रुग्णाच्या बाजूनेही एक पथ्य आहे. डॉक्टर तपासत असताना आजार लपवू नये. ‘यांना काही नाही, कधी डोकेसुद्धा दुखत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या कुटुंबाच्या पिशवीत रक्त पातळ करण्याच्या गोळ्या निघतात, तेव्हा उपचाराची दिशाच चुकण्याचा धोका असतो.

निघण्यापूर्वी पिशवीत काय असावे

एका कागदावर मोठ्या अक्षरांत वय, आजार, औषधांची नावे व मात्रा, अॅलर्जी, आपल्या डॉक्टरांचा आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. औषधांची नावे इंग्रजी अक्षरांत लिहावीत, कारण पुढे येणारा डॉक्टर तमिळ किंवा बंगाली असू शकतो. जुना ईसीजी असल्यास त्याची प्रत सोबत ठेवावी. नवा ईसीजी वाईट आहे की पूर्वीपासून तसाच आहे, हे विमान उतरल्यावर त्यावरून कळते.

औषधे नेहमी हातातील पिशवीत, मूळ वेष्टणात असावीत. सामानाच्या मोठ्या बॅगेत ती गेली, की विमानात ती असून नसल्यासारखी. इन्सुलिन तर त्या बॅगेत ठेवूच नये, कारण सामानाच्या कक्षात ते गोठू शकते. जिभेखाली ठेवायची गोळी आणि दम्याचा फवारा तर अंगावरच्या खिशातच असावा. घरचे प्राणवायूचे सिलिंडर विमानात नेता येत नाही. ज्यांना प्राणवायू लागतो, किंवा ज्यांचा हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया वा रुग्णालयातील मुक्काम ताजा आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून प्रवासाची परवानगी घ्यावी आणि विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज काही दिवस आधी भरून द्यावा. हे विमानतळावर ऐनवेळी होत नाही.

प्रवासाच्या दिवशी उपाशी निघू नये. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दर तासाला पेलाभर पाणी प्यावे. स्वच्छतागृहाजवळची, मार्गिकेकडची जागा मागून घ्यावी, म्हणजे पाणी पिण्याची धास्ती राहत नाही. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. उठण्यापूर्वी बसल्या जागी पावले वीसेक वेळा वरखाली करावीत, अर्धा मिनिट उभे राहून खुर्चीची पाठ धरावी आणि मगच चालावे. अंधारी येतेय असे वाटले, तर स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेऊ नये. आहे तिथेच बसावे आणि बटण दाबावे. बंद दाराआड पडलेला माणूस उशिरा सापडतो.

आणि रेल्वेत

आपल्यापैकी बहुतेकांचा लांबचा प्रवास अजूनही मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून रेल्वेनेच होतो. तिथे हवेचा दाब बदलत नाही आणि पुढचे स्थानक फार दूर नसते. त्रास झाला, तर तिकीट तपासनिसाला सांगावे किंवा १३९ या क्रमांकावर गाडी क्रमांक, डबा आणि आसन कळवावे, म्हणजे पुढच्या थांब्याच्या स्थानकावर डॉक्टर बोलावता येतो. इथे एकच चूक वारंवार होते. ‘आता अकोला येईलच, मग पाहू’ म्हणत लोक कळवायला उशीर करतात आणि गाडी स्थानकात दोन मिनिटे थांबून निघून जाते. छातीत दुखू लागताच कळवले, तर त्या दोन मिनिटांत डॉक्टर फलाटावर उभा असू शकतो.

विमान असो वा रेल्वे, त्रास सुरू झाल्यावर सांगायला लाजू नये. आपल्या पिढीला कोणाला त्रास देणे नको वाटते. पण कर्मचाऱ्यांना पहिल्या मिनिटाला कळले, तर पाय उचलण्याएवढ्या साध्या कृतीने भागते. तेच पंधराव्या मिनिटाला कळले, तर विमान वळवण्याची वेळ येऊ शकते.